चिमणीच्या उजेडातला डाव

चि. सोनूस,

अनेक आशीर्वाद.

रविवारी तुझे मामा गाडीने रत्नागिरीला येताहेत. त्यांच्याबरोबर घरचा कॅरम बोर्ड पाठवतोय. जुन्या चादरीत गुंडाळून वरून सुतळी बांधली आहे. सुतळी कापू नकोस, गाठ सोड. चादरीच्या आत सोंगट्यांचा डबा आहे आणि त्यात एक पांढरी पुरचुंडी आहे. ती औषधाची नाही, पावडरीची आहे. ती कशी वापरायची ते पुढे लिहितो.

परवा फोनवर तू कुरकुरत होतीस, की होस्टेलच्या बोर्डावर सोंगटी हलतच नाही, पोरी डबीभर पावडर ओततात तरी ती भोकाच्या अलीकडे बसकण मारते. अगं, पोरी पावडर ओततात म्हणूनच ती बसकण मारते. पावसाळ्यात प्लायवूड हवेतलं पाणी पितं. त्यावर पावडरीचा थर दिला की तो थरही ओला होतो आणि सोंगटी चिखलातल्या बैलगाडीसारखी रुतते. हे मला पुस्तकातून कळलं नाही, तुझ्या आत्याने शिकवलं. कुठल्या संध्याकाळी शिकवलं तेही पक्कं आठवतंय. त्या संध्याकाळची एक गोष्ट मी तुला कधी सांगितलेली नाही. तुलाच काय, कोणालाच नाही.

1988 चा श्रावण. मी अकरा वर्षांचा, ताई चौदाची. आपलं चोपड्याकडचं जुनं घर तू पाहिलंस ते पत्रे टाकल्यानंतर. तेव्हा ते धाब्याचं होतं. लाकडी कड्या, वर काटक्या आणि त्यावर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात घर गार राहायचं, पण पावसाळ्याआधी वर खारी माती टाकून ती चोपावी लागायची. त्या वर्षी आप्पांना कपाशीच्या गडबडीत ते नीट जमलं नव्हतं. खान्देशात पाऊस तसा कमीच, त्यामुळे माणूस आळसावतो. मग तो एकदा तीन दिवस मुक्काम ठोकून बसला की सगळ्यांची धावपळ उडते. त्या संध्याकाळी आप्पा डोक्यावर पोतं घेऊन धाब्यावर चढले होते आणि भोकं बुजवत होते. घरात तीन ठिकाणी गळत होतं. एकाखाली पातेलं, एकाखाली बादली आणि तिसऱ्याखाली आजीचा पितळी तांब्या. तांब्यात थेंब पडला की टण्ण वाजायचं आणि आजी दचकायची.

बोर्ड नवा होता, म्हणजे आमच्यासाठी नवा. गावच्या वाचनालयाने दुसरा आणला, तेव्हा आप्पांनी जुना साठ रुपयांत उचलला. चांगला पूर्ण मापाचा, आतून 74 सेंटिमीटरचा. पोरांच्या खेळण्यातला छोटा नाही. वाचनालयात त्याच्यावर दिवा टांगलेला असायचा, तसा आप्पांनी घरीही टांगून दिला होता. कडीच्या खिळ्यापासून वायर, तिला बल्ब आणि वर पत्र्याची टोपी. बसल्यावर बल्ब नाकासमोर यायचा. बोर्डावर लख्ख उजेड आणि बाकी खोली अंधारी.

पहिला डाव मांडला, ताईने फोडला आणि लाईट गेली.

आजी देवघरातून ओरडली, "काय करी ऱ्हायनात रे अंधारामा?" माय चुलीपाशी कढी ढवळत होती. तिने न बघताच कंदील पुढे सरकवला. मला वाटलं, झालं, आता बोर्ड उचलायचा. ताई म्हणाली, "बस गपचूप. खेळायचंय."

बल्बची वायर होतीच, मी कंदील तिला अडकवला. कल्पना चांगली होती, पण फसली. कंदिलाच्या बुडाशी रॉकेलची टाकी असते. तिची सावली बरोब्बर मधोमध पडली. चारही भोकं दिसत होती, पण जिथे सगळ्या सोंगट्या गोळा झाल्या होत्या ते मधलं वर्तुळ काळंकुट्ट. दिव्याखाली अंधार म्हणतात तो मी त्या दिवशी खरोखरचा पाहिला. मग ताईने कंदील काढून तिच्या डाव्या हाताच्या कोपऱ्यापाशी, बोर्डाच्या बाहेर, तेलाच्या उपड्या डब्यावर ठेवला. मधलं दिसायला लागलं, पण एकाच बाजूने उजेड असला की प्रत्येक सोंगटीला लांब सावली फुटते. सोंगटी कुठे संपते आणि सावली कुठे सुरू होते ते कळत नाही. मी दोनदा कट मारायला गेलो आणि दोन्ही वेळा सोंगटीच्या पोटावरच मारलं, कारण सावली धरून मी तिला जाडी समजत होतो.

ताईने देवळीतली चिमणी आणली. तुला चिमणी म्हणजे पक्षीच माहीत असेल. ही दिव्याची. छोटी टाकी, वर वात, काच वगैरे काही नाही, धूर भरपूर. ती तिने समोरासमोरच्या कोपऱ्यात, म्हणजे माझ्याही डाव्या हाताला, बोर्डाच्या लाकडी चौकटीवर ठेवली. आता प्रत्येक सोंगटीला दोन सावल्या झाल्या, एक इकडे, एक तिकडे. पण दोन्ही फिक्या, आणि मध्ये सोंगटीची कड स्वच्छ. ताईला हे कोणी शिकवलं होतं देव जाणे. सातवीपर्यंत माझ्या शाळेतलं विज्ञान तिच्या एवढं कामाचं निघालं नाही.

उजेडाचं झालं, पण स्ट्रायकर काही चालेना. बोर्डावर हात ठेवला तर तळव्याला गारवा लागत होता. मी पावडरीची डबी उपडी करायला घेतली आणि ताईने माझ्या मनगटावर चापटी मारली. तिने मायकडून जुन्या धोतराचा कोरडा तुकडा घेतला, चुलीच्या वैलाशी धरून गरम केला आणि पूर्ण बोर्ड पुसला. पुन्हा गरम केला, पुन्हा पुसला. सोंगट्या जागच्या जागी ठेवून, त्यांच्या भोवतीने. मग डबीतली थोडी पावडर तव्याच्या उबेवर कोरडी केली, पातळ मलमलच्या फडक्यात बांधली आणि ती पुरचुंडी बोर्डावर हलकेच थापटत गेली. थापट, थापट. पीठ पेरल्यासारखी पावडर पडायची, दिसेल न दिसेल अशी. त्यानंतर स्ट्रायकर असा सुटला की समोरच्या चौकटीवर आपटून परत माझ्या मांडीपाशी आला.

तुझ्या डब्यात आहे ती पुरचुंडी तशीच बांधली आहे. फडकं नवं आहे, पद्धत आत्याची. खेळण्याआधी बोर्ड कोरड्या फडक्याने पूस. होस्टेलात चूल नाही, तर इस्त्रीने फडकं गरम कर. बोर्डावर इस्त्री फिरवू नकोस, पॉलिश जाईल. आणि मग फक्त थापट. पावडर बोरीकची आहे, तोंडात-डोळ्यांत जाऊ देऊ नकोस, नंतर हात धू. अंगाला लावायची पावडर मात्र चुकूनही वापरू नकोस, तिच्या गुठळ्या होतात.

तर डाव. ताई पांढऱ्या, मी काळ्या. नऊ तिच्या, नऊ माझ्या आणि एक लाल राणी. अर्ध्या तासाने पट असा होता. ताईची एकच पांढरी उरलेली, माझ्याकडच्या उजव्या भोकाजवळ, चौकटीला जवळजवळ चिकटून. राणी ताईच्या बाजूला, तिच्या समोरच्या पट्टीच्या जरा पुढे. माझ्या दोन काळ्या. एक मधल्या वर्तुळात आणि दुसरी माझ्या डाव्या भोकापासून, म्हणजे चिमणीच्या कोपऱ्यापासून, चार बोटं अलीकडे. सरळ रेषेत नाही, जरा वाकडी. मला ती घालता आली असती की नाही, सांगता येत नाही.

ताईला शेवटची पांढरी आधी घालता येत नव्हती. राणी बोर्डावर असताना आपली शेवटची सोंगटी गेली की डाव हातचा जातो. आधी राणी, मग लगेच कव्हर म्हणून ती पांढरी. पाळी तिची होती. माझ्या त्या काळीभोवती सोंगट्या अडत होत्या, म्हणून एक पाळी आधीच तिने त्या बाजूला पुरचुंडी थापटली होती. हे लक्षात ठेव.

पावसाळ्यात दिव्याभोवती पाखरं येतात. एक जाडजूड पाखरू चिमणीच्या वातीवर पडलं, चर्र झालं आणि चिमणी विझली. तो कोपरा अंधारात गेला. कंदील होता, पण लांब, आणि मी पुढे वाकलो की माझीच सावली त्या कोपऱ्यावर. ताई उठली, चिमणी घेऊन चुलीपाशी गेली आणि पेटती काडी शोधू लागली. तिची पाठ माझ्याकडे.

मी दोन बोटांनी काळी सरकवली. अगदी भोकाच्या ओठावर. खरं तर उचलून ठेवली, घासली नाही, कारण घासल्याचा आवाज येतो एवढी अक्कल मला होती. मग हात मांडीखाली घेऊन बसलो.

ताई आली. चिमणी चौकटीवर ठेवली. खाली बसली. आणि थोडा वेळ काही न करता बोर्डाकडे बघत राहिली.

मी म्हटलं, "खेळ ना."

"हवा लई दमट शे," ती म्हणाली. पुरचुंडी उचलून तिने त्या बाजूला दोनदा थापटली आणि बाजूला ठेवली. मला हायसं वाटलं. तिला काही दिसलं नव्हतं.

तिने राणी मारली. छान मारली, पातळ कट, राणी भोकात गेली. आता कव्हर. पांढरी चौकटीला चिकटलेली, तिला अगदी निसटती टिच्ची द्यावी लागणार होती. स्ट्रायकर लागला, पांढरी चौकटीच्या कडेने घसरत निघाली, भोकापर्यंत आली आणि बोटभर अलीकडे थांबली. तिथपर्यंत फडकं पोचलं नसावं. कव्हर नाही, म्हणून राणी परत मध्ये.

माझी पाळी. काळी ओठावर बसलेली. फुंकलं तरी पडेल अशी.

इथे तुला एक गोष्ट सांगतो, ती खेळताना उपयोगी पडेल. ओठावरची सोंगटी सोपी दिसते आणि दगा देते. सोंगटी साधारण पाच ग्रॅमची, स्ट्रायकर जवळजवळ पंधराचा, म्हणजे तिप्पट. जड वस्तू हलक्या वस्तूवर सरळ आदळली की ती थांबत नाही, कमी वेगाने का होईना, पुढे चालतच राहते. भोक साडेचार सेंटिमीटरच्या आतबाहेर आणि स्ट्रायकर चारच्या किंचित वर, म्हणजे तोही त्यात मावतो. सोंगटी भोकापासून लांब असेल तर स्ट्रायकरला मध्ये थांबायला जागा मिळते, ओठावर असेल तर मिळत नाही. म्हणून अशी सोंगटी कधी सरळ मारायची नाही. तिच्या कुशीला निसटता धक्का द्यायचा, म्हणजे ती आत जाते आणि स्ट्रायकर चौकटीवर आपटून वळतो. आणि हलकं मारायचं.

हे मला तेव्हाही माहीत होतं. पण संध्याकाळभर दमट बोर्डावर जोरात मारून हाताला तीच सवय लागली होती. त्यात मला ते पटकन उरकायचं होतं. ती काळी तिथून एकदाची नाहीशी व्हावी, पुरावा नको, असं काहीसं. मी सरळ मारली आणि जोरात मारली. काळी आत. तिच्या मागून स्ट्रायकर आत. जाळीत दोघं एकमेकांवर आपटल्याचा आवाज आला, टक-टक.

स्ट्रायकर गेला की फाऊल. आमच्या घरचा नियम असा, की पडलेली सोंगटी परत, वर एक दंडाची, आणि पाळीही गेली. सोंगट्या मध्ये ठेवायच्या त्या समोरच्याने. मी जाळीतून माझ्या दोन काळ्या काढून ताईच्या हातात दिल्या. दोनच्या तीन झाल्या.

आणि लाईट आली.

बल्ब बोर्डापासून हातभर वर. कंदिलाच्या पिवळ्या उजेडात जे काही दिसत नव्हतं ते सगळं एकदम दिसायला लागलं. पावडरीवरच्या स्ट्रायकरच्या रेघा, ताईच्या बोटांचे ठसे, चिमणीच्या काजळीचा एक कण. आणि माझ्या डाव्या भोकापासून चार बोटांवर एक गोल डाग. सोंगटीएवढा. पण काळा नव्हे, पांढरा. आजूबाजूपेक्षा दाट पांढरा.

मला कळायला क्षणभर लागला. त्या काळीभोवती पावडर थापटली तेव्हा तिच्याखाली ती पडली नव्हती. मी ती उचलली तेव्हा खाली उघडा गोल राहिला असणार, बोर्डाच्या रंगाचा, चिमणीच्या उजेडातही दिसेल असा. ताईने चिमणी ठेवली तेव्हा तो पाहिला. आणि दमट हवेचं निमित्त करून तिने पुरचुंडी नेमकी त्यावरच थापटली. जरा जास्तच पडली, बाकीच्या बोर्डाशी मेळ बसला नाही.

मी वर पाहिलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. माझ्या दोन काळ्या मधल्या वर्तुळात ठेवत होती. तिला राणीच्या आड ठेवून घ्यायच्या नव्हत्या, म्हणून जरा बाजूला सरकवून.

धाब्यावरून आप्पांचा आवाज आला, "आता गळस का?" माय म्हणाली, "नाही गळत, उतरा." तांब्यात आणखी एक थेंब पडला, टण्ण. आजी म्हणाली, "गळस, गळस!"

ताईने राणी घेतली. मग ती पांढरी, बोटभर अलीकडे थांबलेली, तिला आता फार काही करावं लागलं नाही. राणीचे 3 आणि माझ्या उरलेल्या तीन काळ्यांचे 3, असे 6 गुण तिने पाटीवर लिहिले. काळी हलवली नसती तर मला 5 चाच फटका होता, हा हिशोब मी रात्री गोधडीत केला. आप्पा चिखलाने माखलेले खाली आले, आम्ही सगळे कढी आणि फुणके खायला बसलो. ताईने फुणका कढीत चुरताना मला विचारलं, "उद्या पांढऱ्या तू घेतोस का?" मी हो म्हटलं. एवढंच.

त्यानंतर आम्ही लाखभर डाव खेळलो असू. तिचं लग्न होऊन ती शिरपूरला जाईपर्यंत रोज. आखाजीला माहेरी आली की आधी बोर्ड, मग झोका. ती त्याबद्दल कधी बोलली नाही, आणि मीही नाही.

बोर्डाचं थोडं उरलंय, ते लिहून टाकतो. भिंतीला तिरका टेकवून ठेवू नकोस, पावसाळ्यात त्याला बाक येतो. पलंगाखाली आडवा ठेव, खाली चार विटा किंवा जाड वह्या, म्हणजे फरशीचा ओलावा लागणार नाही. महिन्यातून एकदा एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत दोरा ताणून बघ. मध्ये दोरा आणि लाकूड यात फट दिसली तर पोट खाली गेलंय. तेव्हा उलटा करून आठवडाभर ठेव, बरंचसं सरळ येतं. माझ्या डाव्या हाताच्या भोकाची जाळी मी नवी बसवली आहे. चौकटीवर एका कोपऱ्यात जळाल्याची काळी खूण आहे, ती चिमणीची. पुसत बसू नकोस, जात नाही, मी प्रयत्न केलाय.

काल आत्याला फोन केला होता. सांगितलं, बोर्ड सोनूकडे पाठवतोय, तिकडे फार पाऊस आहे, लाईट पण जाते म्हणे. ती बराच वेळ हसली. मग म्हणाली, "चिमनी बी धाडी ऱ्हायना का?"

तुझे,
पप्पा